पावलं आत पडतात, टाच टेकत नाही: बूट कितपत कामाला येतात?

शाळेतल्या बाईंनी टोकलं, आजीच्या लक्षात आलं किंवा वाढदिवसाच्या व्हिडिओत आपल्यालाच दिसलं, की मुलाची पावलं आत पडतात किंवा ते चवड्यांवर चालतं. पहिला विचार बुटांचा येतो. दुकानात आता पावलाचा ठसा काढणारी यंत्रंही असतात. पडद्यावर लाल-निळे डाग उमटतात, दुकानदार गंभीर चेहरा करतो आणि हजारो रुपयांचे खास बूट किंवा बुटात घालायचे सोल घेऊन आईवडील घरी येतात. वर्षभराने चाल थोडी सुधारलेली दिसते. श्रेय बुटांना जातं. खरं तर त्या वर्षात मूल एका वर्षाने मोठं झालेलं असतं, आणि बहुतेक वेळा काम केलेलं असतं ते वयाने.

बूट पावलाला धरतो. पण पाऊल आत वळण्याचं कारण पुष्कळदा पावलात नसतंच. ते वर नडगीच्या किंवा मांडीच्या हाडात असतं. टाच न टेकण्याचं कारण पोटरीत असतं, सवयीत असतं, क्वचित मेंदूत किंवा स्नायूंच्या आजारात. म्हणून बूट घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी वळण नेमकं कुठे आहे ते पाहायला हवं. थोडंफार तुम्हाला घरीही बघता येतं.

आधी आत पडणाऱ्या पावलांचं पाहू. मुलाला अर्धी चड्डी घाला, अनवाणी ठेवा आणि हॉलच्या एका टोकाकडून तुमच्याकडे चालत यायला सांगा. पावलांकडे बघू नका, गुडघ्याच्या वाट्यांकडे बघा. वाट्या एकमेकींकडे वळलेल्या असतील तर फिरकी मांडीच्या हाडात आहे. वाट्या सरळ समोर बघताहेत आणि पावलं तेवढी आत जाताहेत, तर फिरकी नडगीत आहे. गुडघा सरळ, टाच सरळ, पण पावलाचा फक्त पुढचा भाग काजूसारखा आत वाकलेला असेल, तर दोष खुद्द पावलात आहे.

याची खातरजमा मूल पालथं झोपलेलं असताना करता येते. दोन्ही गुडघे काटकोनात दुमडा, म्हणजे तळवे छताकडे होतील. गुडघे जवळ ठेवून पाय सैल सोडा आणि बाहेरच्या बाजूला पडू द्या. मांडीच्या हाडात फिरकी जास्त असेल तर पाय दोन्हीकडे जवळजवळ चटईपर्यंत पडतात. त्यानंतर एकेक पाय दुसऱ्या पायाच्या दिशेने, म्हणजे आत न्या. तिकडे तो फार जात नाही. आता पाय परत उभे करून वरून तळव्यांकडे बघा. मांडीच्या रेषेच्या मानाने अख्खा तळवा आत वळलेला दिसला तर ती नडगीची फिरकी. आणि टाचेच्या मध्यातून तळव्यावर एक रेषा मनात ओढा: ती साधारण दुसऱ्या बोटापाशी निघायला हवी. चौथ्या-पाचव्या बोटाकडे निघत असेल तर पाऊल वाकलेलं आहे. दवाखान्यात आम्ही हेच करतो, फक्त हातात कोनमापक असतो.

या तिन्हींची वयं वेगळी आहेत, आणि सुटण्याची वेळही. वाकलेलं पाऊल जन्मापासून दिसतं. पुढचा भाग बोटाने हलकेच बाहेर नेल्यावर सहज सरळ होत असेल, तर बहुतेक बाळांचं ते पहिल्या-दुसऱ्या वर्षात आपोआप सुटतं. ते ताठ असेल, हाताने सरळ होत नसेल, तर मात्र लवकर दाखवा. अशा पावलाला काही आठवडे बदलत्या प्लास्टरची गरज पडते आणि ते पहिल्या वर्षात सोपं जातं. नडगीची फिरकी मूल चालायला लागल्यावर नजरेत भरते आणि बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत ओसरते. मांडीच्या हाडाची फिरकी तीन ते सहा या वयात सर्वांत ठळक दिसते. जन्मताच ती सगळ्यांनाच असते, सुमारे ४० अंश. वाढत्या वयात उलगडत जाऊन मोठेपणी १०-१५ अंशांवर येते. काहींची हळू उलगडते, इतकंच. आठ-दहा वर्षांपर्यंत हे काम चालू राहतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते. मुलीला आपण ओवी म्हणू. साडेचार वर्षांची. पळताना पायात पाय अडकून पडायची, आणि पळताना तिच्या नडग्या बाजूला भिरकावल्यासारख्या दिसायच्या. एका दुकानातून तिच्यासाठी मापाचे बूट करून घेतले होते, तळाला एका बाजूने उंचवटा दिलेले, घोट्यापर्यंतचे आणि चांगलेच जड. सहा महिने ती ते घालत होती. आई म्हणाली, "मॅडम, बूट घातल्यावर सरळ चालते, काढले की पुन्हा तेच."

ओवीला आधी बूट घालून चालवलं, मग काढून. बुटात पावलं थोडी सरळ पडत होती, हे आईचं निरीक्षण बरोबरच होतं. पण गुडघ्याच्या वाट्या दोन्ही वेळेला तेवढ्याच आत वळलेल्या होत्या. म्हणजे वरची फिरकी होती तिथेच होती आणि बूट फक्त खालचं टोक ओढून धरत होता. पालथं झोपवून मोजलं. पाय बाहेर पडू दिले, म्हणजे मांडी आत फिरली, तेव्हा कोन ७५ अंश आला. उलट दिशेला, मांडी बाहेर फिरवताना, जेमतेम २० अंश. नडगी ठीक, तळवा सरळ. दोन्ही पाय सारखे, दुखणं नाही, लंगडणं नाही, पोटऱ्या मऊ, जमिनीवरून उठणं सहज. आत फिरण्याचा कोन ७० अंशांच्या पुढे गेला की फिरकी जास्त म्हणायची आणि ९० च्या पुढे गेला की बरीच जास्त. ओवी सौम्य गटात होती. बाहेरच्या खोलीत आईला चालायला सांगितलं, तर तिच्याही वाट्या किंचित आत. हे घराण्यात चालतं.

आम्ही बूट बंद केले. एक्सरे काढला नाही, कॅल्शियमची बाटली लिहून दिली नाही. आईला एवढंच सांगितलं, की दर सहा महिन्यांनी त्याच पॅसेजमध्ये, अनवाणी, चाल आणि पळणं मोबाइलवर टिपून ठेव. साध्या हलक्या बुटांत ती आधीपेक्षा कमी पडायला लागली, कारण जड बूट उचलून पुढे टाकण्याचा त्रास गेला. सात वर्षांची झाली तेव्हा ७५ चे ६५ झाले होते आणि बाहेरचे २० वाढून ३५ झाले होते. पावलं अजूनही थोडी आत पडतात, विशेषतः दमल्यावर. कथकच्या वर्गात मात्र ती मजेत उभी राहते.

फिरकी बुटांनी लवकर उलगडते का, हे डॉक्टरांनी तपासून पाहिलेलं आहे. फॅब्री, मॅकइव्हन आणि शँड्स यांनी १९७३ साली मांडीच्या हाडात फिरकी असलेल्या मुलांचा दीर्घ पाठपुरावा छापला. खास बूट आणि पायाला गुंडाळायच्या पट्ट्या-तारा यांनी हाडाच्या फिरकीत काही फरक पडला नाही, असंच त्यातून दिसलं. त्या आधी कित्येक पिढ्यांनी रात्री लोखंडी दांडीला जोडलेले बूट घालून झोप काढली होती. आपल्याकडे डावा बूट उजव्या पायात घालण्याचा घरगुती उपाय अजून ऐकू येतो. त्याने बोटं दुखतात, बाकी काही होत नाही.

एका प्रकारच्या सोलबद्दल मात्र सरसकट नाही म्हणता येणार नाही. त्यात बाहेरच्या बोटांखाली कडक पट्टी पुढपर्यंत नेलेली असते. पाऊल उचलताना बूट तिथे वाकत नाही, म्हणून मूल पाऊल थोडं बाहेर वळवून उचलतं. काही अंशांचा फरक पडतो, पण बूट पायात असेपर्यंतच. सहा-सात वर्षांचं मूल खेळात सारखं अडखळत असेल आणि त्यामुळे मैदानावर जायला कचरत असेल, तर थोडे दिवस वापरायला हरकत नाही. हाड सुधारेल या आशेने मात्र घेऊ नका.

पाय मागे टाकून फतकल मारून बसण्यावरून घरोघरी मुलांना ओरडा पडतो. मांडी अशी फिरलेली असली की त्या बैठकीतच मुलाला आराम वाटतो. बैठकीमुळे फिरकी झाली असं दिसून आलेलं नाही. मांडी घालून बसायला सांगा, पण त्यासाठी जेवणाच्या ताटावर रोज भांडण नको.

शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते. मूल आठ-दहा वर्षांचं झालं, फिरकी बरीच शिल्लक आहे आणि चालण्या-पळण्यात खरोखर अडचण होते आहे, तरच मांडीचं हाड कापून फिरवून पुन्हा बसवण्याचा विचार होतो. मोठं ऑपरेशन आहे ते. दिसायला बरं दिसावं म्हणून करायचं नसतं.

आता चवड्यांवर चालणं. इथे घाई नको आणि बेफिकिरीही नको. नुकतं चालायला शिकलेलं बाळ टाचा उचलून चालतं ते शिकण्याचाच भाग आहे. दोन-तीन वर्षांनंतरही सवय राहिली तर बघायला हवं. स्वीडनमध्ये एंगस्ट्रॉम आणि टेड्रॉफ यांनी साडेपाच वर्षांच्या सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. तेव्हा साधारण पाच टक्के मुलं एकतर अजून चवड्यांवर चालत होती किंवा पूर्वी कधीतरी चालत असत. त्यांचा दहाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतल्या पाचातल्या जवळपास चौघांची सवय काही उपचार न करता सुटलेली होती. हे आकडे मात्र दुसरा कोणताही आजार नसलेल्या मुलांचे आहेत. आजार नाही हे आधी ठरवायचं असतं.

त्यासाठी आईवडिलांना मी पहिला प्रश्न विचारते, तो सुरुवातीचा. मूल पहिल्यापासून असं चालतं, की आधी टाच टेकवून चालत होतं आणि मग हे सुरू झालं? मागाहून सुरू झालेलं चवड्यांवरचं चालणं घरी ठेवून वाट बघण्याचं नाही. एकाच पायाची टाच उचलली जात असेल तरीही नाही. तिथे एक पाय आखूड, खुब्याचा सांधा निसटलेला किंवा मेंदूच्या एका बाजूला इजा झालेली असू शकते. बाळ फार आधी जन्मलं होतं का, जन्मानंतर काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं का, बसायला-उभं राहायला उशीर झाला का, हेही सांगा. मूल हाकेला ओ देत नाही, नजर देत नाही, बोलायला उशीर झाला आहे, आणि चवड्यांवर चालतं, तर चालीआधी त्या बाजूने तपासणी करायला हवी. पाठीच्या खालच्या भागात केसांचा पुंजका, खळगा किंवा लघवीवरचा ताबा सुटणं हे मज्जारज्जूकडे बोट दाखवतात.

मुलगा असेल तर आणखी एक गोष्ट अगदी डोळ्यांत तेल घालून पाहा. त्याला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि कशाचाही आधार न घेता उठायला सांगा. तो आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो का? पोटऱ्या वयाच्या मानाने भरलेल्या, घट्ट दिसतात का? जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबतो का? हे डुशेन नावाच्या स्नायूंच्या आजाराचं चित्र असू शकतं आणि त्या आजाराची पहिली खूण पुष्कळदा चवड्यांवरचं चालणंच असते. सीपीके ही साधी रक्ततपासणी पुरेशी सूचना देते. पोटरी भरदार आहे म्हणून घरचे खूश असतात आणि यात वर्ष-दोन वर्षं जातात, म्हणून इतकं लिहिलं.

यातलं काहीच नसेल तर प्रश्न उरतो पोटरीचा. ती अजून सैल आहे की आखडली? मुलाला उकिडवं बसवा, पावलं जवळ, टाचा जमिनीला टेकवून. आपल्याकडची ही बैठक म्हणजे घोट्याची चांगली परीक्षा आहे. टाचा टेकून आरामात बसत असेल, आणि फक्त टाचांवर चार पावलं चालून दाखवत असेल, तर टाचेमागची शीर आखडलेली नाही असं बहुधा समजायला हरकत नाही. तरी गुडघा दुमडल्यावर पोटरीचा एक स्नायू सैल पडतो, म्हणून दुसरंही करा: मूल उताणं, गुडघा सरळ, टाच तळहातात धरून पाऊल नडगीकडे वर न्या. काटकोनाच्या पुढे सहज १० अंश तरी जायला हवं. काटकोनापाशीच अडत असेल तर आखडणं सुरू झालं आहे.

अशा आखडलेल्या पायात कडक, उंच बूट घातला तर काय होतं? बाहेरून टाच टेकलेली दिसते. आत मात्र मुलाची टाच सोलपासून उचललेलीच असते, किंवा पाऊल मधूनच मोडून सपाट होतं आणि त्या वाकण्यातून टाच खाली येते. बुटाने सवय झाकली, शीर होती तेवढीच राहिली. खात्री करायची असेल तर महिनाभर वापरलेल्या बुटातला आतला सोल बाहेर काढून बघा. बोटांच्या आणि चवड्याच्या जागी काळपट खड्डे पडलेले आणि टाचेची जागा कोरी दिसली, तर बूट दिवसभर काहीच करत नव्हता.

शीर सैल असलेल्या मुलाला बुटाचा थोडा उपयोग होतो, कारण तिथे अडचण सवयीची असते. पुढे सहज न वाकणाऱ्या तळाचा, घोट्यापर्यंतचा बूट चवड्यांवर उठणं अवघड करतो. टाच टेकली की पीं वाजणारे बूट आपल्या बाजारात मिळतात. लहानग्यांना त्या आवाजाची गंमत वाटते आणि टाच टेकण्याची आठवण राहते. शिट्टी टाचेतच आहे ना, एवढं बघून घ्या. शेजाऱ्यांची माफी आधीच मागून ठेवावी.

आखडायला लागलेल्या पोटरीसाठी ताण देण्याचे व्यायाम रोज हवेत. मूल भिंतीसमोर उभं, हात भिंतीला, एक पाय मागे. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, बोटं भिंतीकडे सरळ किंवा किंचित आत, आणि अंग पुढे झुकवून ३० सेकंद. प्रत्येक पायाला तीन-चार वेळा. बोटं बाहेर वळवू देऊ नका. तसं केलं की ताण पोटरीला बसायच्या ऐवजी पाऊल आत कोसळतं आणि व्यायाम फुकट जातो. जोडीला टाचांवर चालण्याची शर्यत, चढावर चालणं, उकिडवं बसून खेळणं. तीन-चार महिने नेमाने करूनही घोटा काटकोनाच्या पुढे सरकत नसेल, तर दर एक-दोन आठवड्यांनी बदलायची प्लास्टरं साधारण दीड महिना घालतात आणि प्रत्येक वेळी पाऊल थोडं वर आणतात. त्यात बोटॉक्सची इंजेक्शनं जोडल्याने प्लास्टरपेक्षा जास्त फायदा होत नाही, हे स्वीडनमध्येच तुलना करून पाहिलेलं आहे. प्लास्टर निघाल्यावर रात्री प्लास्टिकचा स्प्लिंट देतात. तो बूट नव्हे. पोटरी पुन्हा आखडू नये म्हणून घोटा धरून ठेवणारं साधन आहे. तरी काहींची सवय परतते. आखडणं पक्कं झालेल्या थोड्या मोठ्या मुलांत शीर लांब करण्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

चाकांचा पांगुळगाडा, ज्यात बाळ अधांतरी बसून चवड्यांनी ढकलत फिरतं, तो घरात असेल तर काढून टाका. कॅनडाने २००४ साली तो विकायलाच बंदी घातली, ती मुख्यतः जिन्यावरून कोसळण्याच्या अपघातांमुळे.

मग रोजचा बूट कसला घ्यायचा? हलका, चवड्यापाशी हाताने सहज वाकणारा, पुढे बोटांना पसरायला जागा असलेला. मूल उभं असताना सर्वांत लांब बोटाच्या पुढे तुमच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे. कपड्यांसारखे बूटही वाढत्या अंगाचे घ्यायची आपली सवय आहे. पावलं आत पडणाऱ्या मुलाला ते दोन मापं मोठे बूट सर्वांत जास्त पाडतात. घरात आणि अंगणात अनवाणी राहू द्या. बेंजामिन जोसेफ आणि उदय राव यांनी कर्नाटकात २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली लिहिलं, की बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पावलांचं प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के होतं.

मुलाला कधी दाखवायचं याची थोडी कारणं वर आली. आणखी काही: पाय दुखतो, लंगडतं, एकच पाऊल आत पडतं, वळण महिन्यामहिन्याला वाढतं आहे. पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि मनगटं जाड दिसत असतील तर मुडदूस आहे का हे एक्सरे आणि रक्ततपासणीने बघावं लागतं. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमचा खरा उपयोग तिथे असतो.

शेवटी एक अपवाद, कारण हा लेख वाचून कुणी गरजेचे बूट बंद करू नयेत. ज्या बाळाचं पाऊल जन्मतःच पूर्ण आत आणि खाली वळलेलं होतं, ज्याला पॉन्सेटी पद्धतीची प्लास्टरं घातली होती, त्याला दांडीला जोडलेले बूट देतात: पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे चार वर्षांपर्यंत झोपेत. ते पाऊल सरळ झालेलं दिसत असतं, बाळ रडत असतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, आता पुरे. ते मध्येच सोडले तर पाऊल पुन्हा वळतं. हे बूट डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक रात्रही चुकवू नका.